काशानचं पत्र : किमतीचं वाक्य अखेर जमलं

इराणमधल्या काशानच्या एका घरमालकांना पाठवायच्या फारसी पत्राचा मसुदा मागच्या नोंदीत अडकला होता तो किमतीपाशी. काल ती गाठ सुटली, म्हणून लगेच लिहितोय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या आतेभावाला मे महिन्यात कुटुंबासह काशानला जायचंय, म्हणजे जवळच्या कमसरमध्ये गुलाबपाणी काढतात तेही बघता येईल. जुनं, अंगण असलेलं घर चार रात्रींसाठी हवंय. त्याचा इंग्रजी मेल मी फारसीत आणतोय. मूळ मेल सरळसोट आहे: घर मोकळं आहे का, आईचे गुडघे दुखतात तर तळमजल्यावर खोली मिळेल का, एकूण किती होतील, काही सूट मिळेल का. इंग्रजीत हे चालतं. फारसीत त्याच क्रमाने आणि त्याच सुरात लिहिलं, तर वयस्कर यजमानांना ती चौकशी नाही, उलटतपासणी वाटेल.

सुरुवात सोपी होती: ‘बा सलाम व एहतेराम’ आणि पुढे ‘जनाबे आका-ये’ लावून आडनाव. क्रियापदांच्या दिशाही आता हाताला बसल्यात. यजमान बोलतात तेव्हा ‘फरमूदन’, आपण बोलतो तेव्हा ‘अर्ज कर्दन’. यजमानांच्या येण्याला ‘तशरीफ’ म्हणायचं, पण स्वतःच्या येण्याला कधीच नाही, तिथे ‘खेदमत मीरसीम’, म्हणजे आपल्या सेवेशी हजर होतो. पेशवाईतली पत्रं वाचलेल्यांना ही चाल ओळखीची वाटेल, कारण ‘अर्ज’ आपल्याकडेही खालून वर जातो.

खरी अडचण पैशाची. तआरोफमध्ये, म्हणजे इराणी शिष्टाचाराच्या आग्रह-नकारात, यजमान ‘काबेली नदारद’ म्हणतात, म्हणजे त्याचं काय एवढं. दुकानदारही असं म्हणतात, पण त्यावरून फुकट आहे असं समजायचं नसतं. समोरासमोर आपण दोनदा आग्रह केला की आकडा बाहेर येतो. मेलमध्ये तो आग्रह एकाच वाक्यात भरायचा, आणि तोही अविश्वास न दिसता. मी आधी ‘खाहेशमंद अस्त’ने सुरुवात केली होती. व्याकरण निर्दोष, सन्मान पुरेपूर. पण पुण्यात शिकणाऱ्या माझ्या तेहरानच्या मैत्रिणीने ते वाचून सांगितलं की हे सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, यात कोणी माणूस विनंती करताना दिसत नाही.

आता वाक्य असं आहे: ‘ममनून मीशवम अगर मब्लगे नेहाई-ये चहार शब रा बे तूमान बेफरमायीद.’ चार रात्रींची अंतिम रक्कम तूमानमध्ये सांगितलीत तर आभारी होईन. ‘नेहाई’मुळे नंतर वेगळे खर्च निघण्याची वाट बंद होते आणि ‘तूमान’मुळे शून्याचा घोळ टळतो. अधिकृत चलन रियाल, एका तूमानचे दहा रियाल, पण लोक बोलतात तूमानमध्ये. ‘ममनून मीशवम’मध्ये उपकाराचं ओझं माझ्याकडे येतं, त्यामुळे नेमका आकडा मागूनही ते बोचत नाही. मैत्रिणीने हे वाचून नुसती मान हलवली. मला तेवढं पुष्कळ!

सवलतीची गोष्ट त्याच वाक्यात जोडणार होतो. लिहिता लिहिता वाटतंय की ती वेगळी काढून शेवटी न्यावी: ‘अगर तख्फीफी हम दर नजर बेगीरीद, सेपासगोजार खाहम बूद.’ आधी आकडा, मग सूट. एकत्र आलं की घासाघीस वाटते. आणि आईच्या गुडघ्यांचं कारण खोलीच्या विनंतीआधी हवं. कारण आधी आलं की तळमजला आणि ‘फरंगी’ पद्धतीचं शौचालय या मागण्या राहत नाहीत, काळजी होते.

तारखांबद्दल माझं मत ठाम झालंय: इंग्रजी आणि इराणी, दोन्ही दिनदर्शिकांप्रमाणे लिहा. 5 ते 9 मे म्हणजे 15 ते 19 उर्दिबेहेश्त, पण इराणी वर्षाचा पहिला दिवस नवरोज 20 मार्चला आलेल्या वर्षी 16 ते 20. एका दिवसाच्या फरकाने रात्री दारात उभं राहायची वेळ येईल.

कळफलकाबाबत एक आग्रह. अरबी कळफलकावर फारसी लिहू नका. तिथला ‘य’ आणि ‘क’ वेगळ्या संकेताचे असतात, दिसतात जवळजवळ सारखे, पण शोधात सापडत नाहीत. विंडोजमध्ये `Persian (Standard)` घ्या. त्यात Shift+Space दाबलं की नीमफासेले मिळतो, म्हणजे ‘मीशवम’मधला ‘मी’ पुढच्या भागाला न चिकटताही त्याच्यापासून तुटत नाही. पूर्ण मोकळी जागा सोडली तर वाचता येतं, पण लिहिणारा निष्काळजी वाटतो, आणि आदराच्या पत्रात तेवढंही खटकतं.

आज रात्री सूट शेवटी नेऊन पूर्ण मसुदा मैत्रिणीला पुन्हा दाखवतो आणि उद्या पाठवतो. उत्तरात ‘काबेली नदारद’ आलंच, तर दुसऱ्या पत्राचं पहिलं वाक्य तयार ठेवतोय: आपला स्नेह डोक्यावर, पण रक्कम कळल्याशिवाय आम्हाला निघता येणार नाही. त्याचं फारसी अजून घडतंय, कोणाला सुचलं तर जरूर कळवा.