आमची वाटचाल: चुकीचं खापर कुणाच्या माथी, आणि किती

आमची फर्म लहान आहे. यंत्रांना लावलेल्या सेन्सरचे आकडे पाहून पुढचा आकडा सांगणारी छोटी न्यूरल नेटवर्क आम्ही बनवून देतो. सुरुवातीचं सगळं काम तयार लायब्ररीवर चालायचं. `loss.backward()` एवढी एक ओळ लिहिली की प्रत्येक वेटचा, म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक गुणकाचा, ग्रेडियंट हातात यायचा. पुढे कामाला वेगळं वळण लागलं. नेटवर्क थेट यंत्राजवळच्या मायक्रोकंट्रोलरवर बसवा आणि तिथेच ते थोडं थोडं शिकत राहू द्या, अशी मागणी येऊ लागली. तिथल्या मेमरीत ती लायब्ररी मावत नाही, म्हणून बॅकप्रोपगेशन, म्हणजे आउटपुटच्या चुकीचं खापर मागे प्रत्येक वेटपर्यंत नेण्याचा हिशेब, स्वतः लिहिणं आलं. त्यामुळे आता आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण कोडला हात लावण्याआधी खालचं नेटवर्क कागदावर सोडवतो.

दोन इनपुट, मधल्या थरात दोन न्यूरॉन, शेवटी एक आउटपुट, एवढाच त्याचा पसारा. मधले न्यूरॉन रेल्यू वापरतात, म्हणजे बेरीज शून्यापेक्षा जास्त आली तर तीच पुढे जाते, नाहीतर शून्य जातं. आउटपुटवर कसलंच फंक्शन नाही. शिकायचे आकडे एकूण ९.

```python
x1, x2, t = 1.0, 2.0, 1.0
w11, w12, b1 = 0.3, 0.25, 0.0
w21, w22, b2 = -0.5, 0.5, 0.0
v1, v2, c = 0.6, -0.4, 0.12

h1 = max(0, w11*x1 + w12*x2 + b1)
h2 = max(0, w21*x1 + w22*x2 + b2)
y = v1*h1 + v2*h2 + c
loss = 0.5 * (y - t)**2
```

आधी सरळ दिशेने जाऊ. पहिल्या न्यूरॉनची बेरीज ०.३ अधिक ०.५, म्हणजे ०.८. दुसऱ्याची उणे ०.५ अधिक १, म्हणजे ०.५. दोन्ही शून्याच्या वर असल्याने रेल्यूने काही कापलं नाही. आउटपुटवर ०.४८ वजा ०.२० अधिक ०.१२, म्हणजे ०.४० मिळाले. हवा होता १. चुकीचं माप म्हणजे लॉस, तो आला ०.१८.

आता खापर फोडायला बसू. इथे खापर या शब्दाचा अर्थ नेमका ठरवून घेतला नाही तर पुढे घोळ होतो. हा आकडा किंचित वाढवला तर लॉस कोणत्या दराने वाढेल, हे त्या आकड्याच्या माथ्यावरचं खापर, म्हणजेच त्याचा ग्रेडियंट. ते धन असेल तर आकडा वाढवल्याने चूक वाढते, म्हणून तो कमी करायचा. ऋण असेल तर तो वाढवायचा. ही शंभर टक्क्यांची वाटणी नसते, त्यामुळे सगळ्यांचं खापर मिळून ठरावीक बेरीज यावी अशी अपेक्षा ठेवू नये.

उलट वाट आउटपुटपासून सुरू होते. `y` च्या माथी खापर `y - t`, म्हणजे उणे ०.६. लॉसच्या सूत्रात अर्धा घेतला तो एवढ्यासाठीच, वर्गाचा दर काढताना येणारा २ त्याने कटतो.

हे उणे ०.६ आता `y` ला घडवणाऱ्यांकडे सरकतं. `v1` थोडा वाढवला तर `y` किती हलेल? `h1` इतका, म्हणजे ०.८ पट. म्हणून `v1` वर उणे ०.६ गुणिले ०.८, म्हणजे उणे ०.४८. त्याच न्यायाने `v2` वर उणे ०.३०. बायस `c` थेट मिळवला जातो, त्यामुळे त्याच्या माथी पूर्ण उणे ०.६.

वरचा थर इथे संपला. पण `h1` आणि `h2` हेही `y` च्या घडणीत सामील होते, त्यांनाही खापर द्यावं लागतं, कारण त्यांच्या मागे आणखी सहा आकडे उभे आहेत. `h1` हलला तर `y` हलतो `v1` पट. म्हणून `h1` वर उणे ०.६ गुणिले ०.६, म्हणजे उणे ०.३६. `h2` चं वेट ऋण आहे, त्यामुळे उणे ०.६ गुणिले उणे ०.४ होऊन अधिक ०.२४ आले. `y` कमी पडला होता आणि `h2` त्याला खाली ओढत होता, तेव्हा त्याने कमी व्हायला हवं, आणि चिन्ह तेच सांगतंय. आमच्या मते बॅकप्रोपगेशनचा सगळा गाभा या एका पायरीत आहे. सरळ जाताना ज्या वेटने संदेश पुढे नेला, तेच वेट उलट येताना खापर मागे आणतं.

मधे रेल्यूचं दार आहे. सरळ जाताना ते उघडं होतं, म्हणून खापर जसंच्या तसं मागे जातं. बंद असतं तर शून्याने गुणलं गेलं असतं. पुढे इनपुटने गुणायचं. `w11` वर उणे ०.३६, `w12` वर उणे ०.७२, `b1` वर उणे ०.३६. दुसऱ्या न्यूरॉनकडे `w21` वर ०.२४, `w22` वर ०.४८, `b2` वर ०.२४.

```python
d = y - t
gv1, gv2, gc = d*h1, d*h2, d
d1 = d * v1 * (h1 > 0)
d2 = d * v2 * (h2 > 0)
gw11, gw12, gb1 = d1*x1, d1*x2, d1
gw21, gw22, gb2 = d2*x1, d2*x2, d2
```

सर्वात मोठं खापर `w12` वर आलंय, उणे ०.७२. हे वेट मुळात मोठं नाही, फक्त ०.२५ आहे. त्याच्यावर २ चा इनपुट येतो, म्हणून ते एवढं संवेदनशील झालं. या जागी एखाद्या सेन्सरचा २००० असा आकडा आला असता तर याच वेटचं खापर शेजाऱ्यांच्या हजारो पट झालं असतं, आणि सगळ्यांना चालेल असा लर्निंग रेट, म्हणजे एका फेरीत खापराचा कितवा भाग वजा करायचा ते प्रमाण, सापडणं अवघड झालं असतं. इनपुट आधी सारख्या पट्ट्यात आणून ठेवण्याचं कारण हेच.

आता ०.१ लर्निंग रेट धरून प्रत्येक आकड्यातून त्याच्या खापराचा दहावा भाग वजा करू. `v1` ०.६४८ होतो, `v2` उणे ०.३७, `c` ०.१८. पहिल्या न्यूरॉनचे आकडे ०.३३६, ०.३२२ आणि ०.०३६. दुसऱ्याचे उणे ०.५२४, ०.४५२ आणि उणे ०.०२४. पुन्हा सरळ गेलं की `h1` १.०१६, `h2` ०.३५६ आणि `y` सुमारे ०.७०७ येतो. लॉस ०.१८ वरून ०.०४३ वर उतरला.

लर्निंग रेट ०.५ घेतला तर? खापराचे आकडे तेच, फक्त पाऊल मोठं. `y` १ ओलांडून जवळपास २ वर जातो आणि लॉस ०.५ च्या आसपास, म्हणजे सुरुवातीपेक्षाही वाईट. त्याहून वाईट गोष्ट मधल्या थरात घडते. दुसऱ्या न्यूरॉनची बेरीज आता उणे ०.२२ येते, दार बंद होतं आणि `h2` शून्य होतो. मग `v2` चं खापर शून्य, `w21`, `w22`, `b2` चंही शून्य. या इनपुटसाठी तो न्यूरॉन ना काम करतो ना शिकतो. सगळ्याच इनपुटवर त्याची बेरीज ऋण येऊ लागली तर तो परत येत नाही. लॉसच्या आलेखात हे दिसेलच असं नाही, म्हणून प्रत्येक न्यूरॉन किती टक्के नमुन्यांवर शून्य देतो हे आम्ही वेगळं मोजतो.

वेटची सुरुवातीची किंमत ठरवतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो. दोन्ही न्यूरॉनना अगदी सारखे आकडे दिले तर दोघांवर सारखंच खापर येतं, दोघं सारखेच बदलतात आणि कायम जुळे राहतात. सगळे शून्य ठेवले तर आणखी बिकट. `v` शून्य म्हणून खापर मागे जात नाही, `h` शून्य म्हणून `v` लाही मिळत नाही, आणि शिकतो फक्त `c`. म्हणून सुरुवात लहान, यादृच्छिक आणि वेगवेगळ्या आकड्यांनी करायची.

स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये सगळ्यात चिवट चूक क्रमाची असते. मेमरी वाचवायला वरच्या थराचे वेट लगेच बदलले जातात आणि मग खालच्या थराचं खापर काढताना जुन्या ०.६ ऐवजी नवा ०.६४८ वापरला जातो. `h1` वर उणे ०.३६ ऐवजी उणे ०.३८८८ येतात. दिशा साधारण बरोबरच राहते, लॉस उतरतो, आणि कुणाला संशय येत नाही. आधी सगळी खापरं काढून ठेवायची आणि मगच सगळी वेट बदलायची, हा नियम मेमरीच्या मोहाने मोडू नये.

अशी चूक पकडायला एक साधी तपासणी आहे. एकच वेट घ्या, किंचित वाढवून आणि तितकंच कमी करून लॉस काढा, आणि फरकाला अंतराने भागा. `w12` ०.२५१ केला की लॉस ०.१७९२८०७२, ०.२४९ केला की ०.१८०७२०७२. फरक उणे ०.००१४४, भागिले ०.००२, म्हणजे उणे ०.७२. कागदावरचं उत्तर बरोबर होतं. क्रम चुकलेल्या कोडने याच वेटसाठी उणे ०.७७७६ दिले असते आणि ते इथेच उघडं पडलं असतं. प्रत्येक वेटसाठी दोनदा सरळ जावं लागतं, म्हणून ही तपासणी शिकवण्याच्या रोजच्या फेरीत परवडत नाही. कोड नवा लिहिला किंवा बदलला की लहान नेटवर्कवर एकदा चालवायची.

तपासणी मायक्रोकंट्रोलरवर न करता संगणकावर ६४ बिट दशांशात करतो. ३२ बिटमध्ये जवळजवळ सारखे दोन लॉस वजा केले की महत्त्वाचे अंक गळून जातात आणि बरोबर कोडही चुकीचं वाटतं. रेल्यूची बेरीज शून्याच्या अगदी जवळ असली तरी तसंच होतं, कारण एका बाजूला दार उघडं आणि दुसऱ्या बाजूला बंद राहतं, आणि येणारा आकडा धड एकाही बाजूचा नसतो. अशा वेळी कोडला हात लावण्याआधी वेगळा इनपुट घेऊन पुन्हा पाहायचं.