दुसरी पार्टी कधी आलीच नव्हती

साताऱ्यात 2011 साली दुकान टाकलं तेव्हा बोर्डावर आधी पासपोर्ट फोटो होते, मग झेरॉक्स आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'लग्नसमारंभाची फोटोग्राफी'. तीन-चार वर्षांत लग्नं वर सरकली, झेरॉक्स बंद झाली, आणि एक कॅमेरामन नि एक व्हिडिओवाला अशी आमची एक टीम तयार झाली. एक टीम म्हणजे एका तारखेला एकच लग्न. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि चातुर्मास लागला की थांबतात. मधल्या काळात चांगल्या तारखेला गावात चार-चार लग्नं असतात. त्यामुळे तारखांची टंचाई आम्हाला कधी बनवावी लागली नाही, ती होतीच. तरीही मी खोटं बोलायचो.

कोरेगावकडचे एक काका मुलीच्या लग्नासाठी आले होते. दर ऐकून म्हणाले, विचार करून सांगतो. मी ठरलेलं वाक्य टाकलं, "काका, याच तारखेला दुसरी पार्टी येऊन गेलीय, उद्या अ‍ॅडव्हान्स देणारेत." काका शांतपणे उठले. "मग त्यांनाच द्या की, त्यांची अडचण नको." अन् गेले. चार दिवस वाट बघितली. शेवटी मीच फोन केला की तारीख अजून मोकळी आहे. पलीकडून आवाज आला, "उठून गेली व्हय दुसरी पार्टी? मंग आता पाच हजार कमी करा." केले. दुसरी पार्टी कधी आलीच नव्हती, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पाच हजारांपेक्षा जास्त लागलं ते हे, की लग्नभर ते माझ्या प्रत्येक वाक्याकडे त्याच नजरेनं बघत होते. अल्बम चाळीस दिवसांत देतो म्हटलं तरी हसले.

त्यानंतर बायकोनं एक वही केली. विचारणा आली की तारीख, नाव, आणि 'कधीपर्यंत राखली' असा रकाना. नियम सोपा होता. पैसे न घेता तीन दिवस तारीख राखायची, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत. मधे दुसरं कुणी आलं तर त्यांना थांबवायचं आणि आधीच्यांना एक फोन करायचा. सातनंतर तारीख मोकळी. ऐकायला हे काहीच नाही, पण पाळताना जीव जातो. पहिल्याच हंगामात माझ्या चुलतमामांनी अशी तारीख राखली, सात वाजले तरी फोन नाही. पावणेआठला वाईच्या एका मुलीच्या भावाला दिली, त्यानं लगेच पैसे पाठवले. नऊला मामा. "अरे, घरचा माणूस मी!" ते दोन वर्षं बोलले नाहीत. पण त्या मुलीच्या भावाकडून पुढं तीन कामं आली, आणि सात म्हणजे सात हे गावात पसरलं. आता लोक पावणेसातला फोन करतात.

लग्नाच्या तारखेचं कारण समोरच्याला सांगावं लागत नाही, त्याला ते माहीतच असतं. खरी परीक्षा झाली ती दिवाळीच्या घरगुती फोटोंच्या वेळी. हे काम आम्ही चार वर्षांपूर्वी सुरू केलं. ओळखीच्यांचा एक जुना वाडा आहे, मधे अंगण, तुळशीवृंदावन, तिन्ही बाजूंनी ओसरी. कुटुंबं नटून येतात, आम्ही फोटो काढतो, त्यातल्या एकाची बारा बाय अठराची फ्रेम दिवाळीआधी घरी. पहिल्या वर्षी स्टेटसला टाकलं होतं, 'फक्त काहीच जागा शिल्लक! त्वरा करा!' आठवडाभर तेच स्टेटस. एका ताईंनी विचारलं, "काहीच म्हणजे किती?" मला सांगता आलं नाही, कारण मी मोजलंच नव्हतं.

मग मोजायला बसलो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. चारपर्यंत अंगणात अर्धं ऊन, अर्धी सावली असते, चेहऱ्यावर पट्टे पडतात. सव्वाचारनंतर जमतं. एका कुटुंबाचे फोटो पंचवीस मिनिटांत होतात, पण उशिरा येणारे, साडीच्या निऱ्या, रडणारं पोर यांना पंधरा मिनिटं धरायचीच. म्हणजे चाळीस मिनिटांची एक वेळ. सव्वाचार, पाचला पाच कमी, पाच पस्तीस आणि सव्वासहा, अशा एका संध्याकाळी चार.

यातली शेवटची वेळ वेगळी. आकाशकंदील आणि पणत्या लावून जो फोटो सगळ्यांना हवा असतो, तो भर उजेडात होत नाही आणि काळोखातही होत नाही. सूर्य गेल्यावर आकाशाचा निळा उजेड उतरत उतरत पणतीच्या बरोबरीला येतो, तेव्हा चेहरेही दिसतात आणि ज्योतही दिसते. हे जेमतेम पंधरा मिनिटं टिकतं. त्याआधी पणती विझल्यासारखी वाटते. नंतर मागची भिंत, वृंदावन सगळं काळं होतं आणि फ्लॅश मारला तर दिवाळीचा गेट-टुगेदर वाटतो. म्हणून एका संध्याकाळी कंदिलाच्या उजेडातलं कुटुंब एकच. मी कितीही हुशार असलो तरी दोन होत नाहीत.

2025 सालचा हिशेब सांगतो. वसुबारस 17 ऑक्टोबरला होती. फ्रेम ज्या कोल्हापूरच्या लॅबमधून येते, त्यांनी सांगितलं की दिवाळीआधी हवं असेल तर सोमवार 13 तारखेच्या रात्रीपर्यंत फाइल पाठवा. तिथून मागं यायचं. शनिवारी 11 तारखेला काढलेले फोटो रविवारी रात्री कुटुंबाला दाखवायला जातात, त्यांनी एक फोटो निवडून सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचा, रात्री आम्ही पाठवणार. रविवारी 12 ला काढलेल्यांचं मात्र हे बसत नाही. म्हणून विकायच्या संध्याकाळी तीनच ठरल्या, 4, 5 आणि 11. बारा वेळा, त्यात कंदिलाच्या तीन. रविवार 12 पावसासाठी राखून ठेवला, परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधी गाठेल सांगता येत नाही.

पितृपक्षात कुणाला बुकिंगचं विचारू नये, इतकं भान इतक्या वर्षांत आलंय. घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, जुन्या ग्राहकांना हा मेसेज गेला:

"नमस्कार. दिवाळीच्या घरगुती फोटोंसाठी या वर्षी बारा वेळा आहेत, तीन संध्याकाळी मिळून. कंदिलाच्या उजेडातली वेळ रोज एकच मिळते, म्हणून त्या तीनच. बुकिंग दसऱ्याला संध्याकाळी सहाला बंद करू, कारण शनिवारपासून वाड्यात काम सुरू होतंय. 500 रुपये आले की वेळ तुमची. पाऊस पडला तर रविवारी 12 ला घेऊ, पण मग फ्रेम दिवाळीनंतर मिळेल. ते नको असेल तर पैसे परत."

यात एकही उद्गारचिन्ह नाही, ते बायकोनं काढलं. ती म्हणते, आकडा आणि कारण दिलं की ओरडायची गरज राहत नाही.

कंदिलाच्या तिन्ही वेळा पहिल्या तासात गेल्या. पुढच्या आठवडाभरात आणखी सात. रोज रात्री वहीत बघून स्टेटसला एक ओळ टाकायचो, 'बारापैकी सात ठरल्या'. 'विचारलंय' म्हणणाऱ्यांना मोजायचं नाही, पैसे आलेत तेवढेच मोजायचे. दोन घरांनी राखायला सांगून पुढं काही कळवलं नव्हतं. त्यांना एकदाच मेसेज केला, "उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या नावावर आहे. या वर्षी जमत नसेल तर तसं कळवलं तरी चालेल, पुढच्या नावाला देऊ." एकांनी लगेच 'नको' कळवलं. लोकांना नाही म्हणायला जागा दिली की फोन टाळत नाहीत, हे मला उशिरा उमगलं. पूर्वी मी तीन-तीनदा फोन करायचो आणि ते मला रस्त्यात बघून गल्ली बदलायचे.

दसऱ्याच्या सकाळी दोन वेळा उरल्या होत्या, दोन्ही सव्वाचारच्या. तसंच लिहिलं: 'दोन शिल्लक, दोन्ही दुपारच्या. ऊन थोडं कडक असतं, फोटो ओसरीत घेऊ.' हे लिहायला हात धजत नव्हता. उरलेला माल आपणच वाईट म्हणून कोण दाखवतो? एक गेली. एक रिकामी राहिली, आणि शनिवारी सव्वाचारला मी वाड्याच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. दसऱ्याला रात्री दहाला एकांचा फोन आला होता, त्यांना तीच दिली असती तर अडीच हजार आले असते. दिली नाही. वही सहाला मिटली होती आणि मामांचा अनुभव गाठीशी होता. मला चहा पिताना बघून बायको म्हणाली, "अडीच हजारांचा हट्टाचा चहा." तिचं अगदीच चुकीचं नव्हतं, पण त्यांना दिली असती तर पुढच्या वर्षी सगळ्यांनी दहालाच फोन केले असते.

रविवारी 5 तारखेला सहाला पावसाची सर आली आणि कंदिलाची वेळ वाहून गेली. ते घर आधीच ऐकून होतं, वाद झाला नाही. 12 ला आले, फ्रेम भाऊबीजेनंतर घेतली. त्या 12 च्या उरलेल्या तीन वेळाही मग आम्ही खुल्या केल्या, 'फ्रेम दिवाळीनंतर' असं ठळक लिहून. दोन गेल्या.

'आजच ठरवा, उद्यापासून दर वाढणार' हे मात्र आम्ही कायमचं सोडलंय. उद्या माझा खर्च काही वाढत नाही, मग दर कशाला वाढेल? आणि वाढवला नाही तर पुन्हा दुसरी पार्टी उठून गेल्यासारखं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कंदिलाच्या वेळा तासाभरात जातात म्हणजे त्या वेळी ज्याच्या हातात फोन असतो त्याला मिळतात. आमच्या एक जुन्या ताई नर्स आहेत, मेसेज गेला तेव्हा त्या ड्यूटीवर होत्या. संध्याकाळी फोन करून म्हणाल्या, "तीनच आहेत हे खरंय रे, पण मला कळेपर्यंत तीनही संपल्या, मग मला त्याचा काय उपयोग?" यंदा दोन दिवस आधी कळवायचं आणि बुकिंग रात्री आठला सुरू करायचं ठरवतोय. बायको म्हणते, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठ्या टाकल्या तर मामा पुन्हा बोलायचे बंद होतील, एवढं नक्की.