गुडघा दुखतोय म्हणून आला, दुखणं निघालं खुब्यात

गणपतीची चवथ होऊन आठवडा झाला होता. डिचोलीत आमच्या फिजिओच्या क्लिनिकमध्ये त्या दिवसांत गर्दी असतेच, कुणी माटोळी बांधताना स्टुलावरून पडलेलं, कुणी मखर उचलून कंबर धरून बसलेलं. त्यात हा पोरगा, वय 13, वजन 70 च्या पुढे, बाबा आणि आजीसोबत आलेला. हातात चिठ्ठी, डावा गुडघा दुखतो, मांडीचे व्यायाम द्या. सोबत गुडघ्याचा एक्सरे, तो अगदी स्वच्छ. महिनाभर दुखत होतं, फुटबॉल खेळताना लचकला असेल असं सगळ्यांनी धरलेलं, निळा नीकॅप घालून पोरगा रोज शाळेत जात होता.

मी त्याला दारातून टेबलापर्यंत चालत येताना बघत होते. लंगडत होताच, पण डाव्या पायाचं पाऊल सरळ पुढे पडायच्या ऐवजी बाहेरच्या बाजूला वळून पडत होतं. गुडघा दुखणारा माणूस गुडघा ताठ धरून चालतो, पाय असा बाहेर फिरवून कशाला चालेल.

टेबलावर आडवा केला. गुडघ्याला सूज नाही, दाबलं तर कुठे दुखत नाही, पूर्ण वाकतो, पूर्ण सरळ होतो. बोट ठेवून दाखव म्हटलं तर बोट ठेवेना, तळहातच फिरवला, मांडीच्या पुढच्या भागावरून गुडघ्यापर्यंत, इथे सगळीकडे म्हणे. मग मी हलक्या हाताने मांडी पोटाकडे वाकवायला घेतली. उजवी सरळ वर आली, गुडघा छातीच्या रेषेत. डावी अर्ध्यावर आली आणि आपोआप बाहेर वळायला लागली, गुडघा खांद्याच्याही बाहेर निघाला. मी वळवत नव्हते, सांधाच तिला तिकडे नेत होता. पाय आतल्या बाजूला फिरवून बघितला तर जवळजवळ फिरलाच नाही आणि पोरगा कळवळला. मी तिथेच थांबले, आणखी जोर लावून बघायची ती जागा नव्हती.

बाबा म्हणाले, "मॅडम, गुडघा दुखतो त्याचा आणि तुम्ही कंबर कशाला बघताय?" प्रश्न रास्तच होता. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या नसा काही अंशी एकच आहेत, त्यामुळे बिघाड वर असला तरी मेंदूला दुखणं खाली गुडघ्यात वाटतं. कितीतरी मुलांना जांघेत जराही दुखत नाही, फक्त गुडघा. म्हणून मुलाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी सोडायचं नसतं.

मला जो संशय आला त्याला स्लिप्ड कॅपिटल फेमोरल एपिफिसिस म्हणतात, डॉक्टर मंडळी नुसतं स्लिप म्हणतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, त्याच्या खाली मान, आणि वाढीच्या वयात या दोघांच्या मधे कूर्चेचा पातळ थर असतो, ग्रोथ प्लेट. उंची भराभर वाढायच्या वयात हा थर नाजूक होतो, दोन विटांमधला गिलावा अजून ओला असावा तसा, आणि त्यावर वजन तिरकं पडत असतं. गोळा वाटीत बसलेला राहतो आणि खालची मान हळूहळू पुढे आणि वर सरकते, म्हणूनच पाय बाहेर वळतो. साधारण 10 ते 16 वर्षांची, वजनाने जास्त असलेली मुलं, मुलींमध्ये जरा आधी. वय याहून लहान असेल किंवा मूल बारीक असेल तर थायरॉइड, किडनी वगैरे मागे काही आहे का तेही बघतात.

आता खरी घाई कशाची, तर सरकलेलं आणखी सरकू नये याची. तेव्हा पोरगा लंगडत का होईना चालत होता, डॉक्टरांच्या भाषेत स्टेबल. पण अशाच पायावर जिन्यात घसरला किंवा मैदानात पडला तर गोळा एकदम निसटू शकतो, मग कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नाही, तो अनस्टेबल. फरक किती मोठा आहे बघा, 1993 साली लोडर आणि सहकाऱ्यांनी 55 खुब्यांचा अभ्यास छापला, त्यात अनस्टेबलपैकी 47 टक्क्यांत गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मेलं, स्टेबलमध्ये एकातही नाही.

म्हणून मी सांगितलं, आता हा उभा राहणार नाही. बाबा म्हणाले स्कूटर आहे, मागे बसवून नेतो. मी म्हटलं स्कूटर नको, पाय फाकवून बसायचं आणि खड्ड्यातून जायचं, गाडी मागवा नाहीतर 108 ला फोन करते. आजीचं वेगळंच, तिने गावातल्या चोळणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची वेळ सांगून ठेवली होती, "शीर चढलीय, एक झटका दिला की बसेल." आजीला समजवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मुरगळलेल्या पायाला तिच्या त्या माणसाचा गुण येत असेलही, पण इथे झटका दिला तर स्टेबलचं अनस्टेबल व्हायला तेवढंच पुरे. शेवटी "आजी, हाड सांध्यात सुटत आलंय" म्हटल्यावर ती गप्प झाली आणि स्वतःच फोन करून वेळ रद्द केली.

व्हीलचेअरवरून गाडीत, गाडीतून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात. मी ऑर्थोच्या ओळखीच्या डॉक्टरांना आधी फोन केला आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं, स्लिपचा संशय, वजन टाकू देऊ नका, दोन्ही खुब्यांचा एक्सरे, समोरून आणि बेडकासारखे पाय ठेवून. दुसरा व्ह्यू महत्त्वाचा, कारण थोडं सरकलेलं समोरून सहज निसटून जातं. मात्र ज्याला पाऊलच टाकता येत नाही त्याचे पाय असे फाकवायचे नाहीत, त्याचा बाजूने एक्सरे घेतात.

संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो पाठवला. समोरच्या फोटोत मानेच्या वरच्या कडेने रेघ ओढली तर ती गोळ्याचा थोडा भाग कापून जायला हवी, उजवीकडे कापत होती, डावीकडे नुसती चाटून जात होती. बेडूक व्ह्यूमध्ये तर शिकाऊ पोरालाही दिसेल इतकं स्पष्ट. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सरकलेलं ओढून जागेवर आणायचा प्रयत्न केला नाही, आहे तिथेच एक स्क्रू मानेतून गोळ्याच्या मधोमध घालून पक्कं केलं. स्क्रूचं टोक सांध्यात घुसलं तर तिथली कूर्चा झिजते, म्हणून ऑपरेशन चालू असताना एक्सरेवर वेगवेगळ्या कोनांतून बघतात.

हे लिहितेय तर लहान पोरांचंही सांगते, कारण ते याहून घाईचं. तीन-चार वर्षांचं मूल, सर्दीखोकला होऊन गेल्यावर लंगडतंय, पण ताप नाही आणि खेळतंय, तर बहुतेक वेळा सांध्याला आलेली साधी सूज असते आणि आठवडाभरात उतरते, डॉक्टरांना मात्र एकदा दाखवायचं. पण ताप आहे, मूल पाय टेकवतच नाही, डायपर बदलताना पाय हलवला की किंचाळतं, तर सांध्यात पू असू शकतो. तिथे उद्या सकाळी बघू चालत नाही, रात्री का असेना कॅज्युअल्टी गाठायची.

आमचा पोरगा कुबड्यांवर आला तेव्हा आईचा एकच प्रश्न, उजव्या पायाचं काय? बऱ्याच मुलांत नंतर दुसरी बाजूही सरकते, काही सर्जन तिथे आधीच स्क्रू घालतात, इथे न घालता लक्ष ठेवायचं ठरलं. ग्रोथ प्लेट बंद होईपर्यंत ठरलेल्या वेळी एक्सरे, आणि मधे कधीही उजवी जांघ, मांडी किंवा गुडघा दुखला तर त्याच दिवशी यायचं, नीकॅप घालून बघत बसायचं नाही. फुटबॉल कधी ते सर्जन एक्सरे बघून सांगतील म्हटलं तर पोराने तोंड वाकडं केलं, मग विचारलं, गोलकीपर तरी?