दहा मिलीवरची खोटी पायरी

बावीस जर्नलं तपासायला घेतली होती. एकवीस मुलांच्या आलेखात दहा मिलीवर छान, उभी पायरी होती. बाविसाव्या मुलीच्या आलेखात नव्हती. त्या मुलीने खाली लिहिलं होतं, ‘पहिला इक्विव्हॅलन्स पॉइंट स्पष्ट दिसत नाही.’ मी दोन मार्क कापले आणि पुढचं जर्नल ओढलं.

प्रयोग दरवर्षीचाच. 0.05 M ऑक्झॅलिक ॲसिड, वीस मिली, ब्युरेटमधून 0.1 M सोडियम हायड्रॉक्साइड आणि बीकरमध्ये पीएच मीटरचा इलेक्ट्रोड. एक प्रोटॉन सुटायला दहा मिली, दोन्ही सुटायला वीस. इतकं फळ्यावर सांगून मी दुसऱ्या टेबलाकडे जाते, कारण चार मुलांत एक मीटर असतो आणि इलेक्ट्रोड टिपायच्या फिल्टर पेपरवरूनही भांडणं होतात.

घरी जाताना बसमध्ये खटकलं. त्या एकवीस जणांच्या तक्त्यात शून्य मिलीला पीएच 1.5 च्या आसपास होता. आणि निकालात काय? ‘पाच मिलीवर अर्धं उदासीनीकरण, म्हणून pKa1 = 1.25.’ निम्म्यावरचा पीएच तोच pKa धरायचा, म्हणजे आम्लात अल्कली ओतत गेलो आणि पीएच खाली आला! एकाही मुलाला हे विचित्र वाटलं नाही. मलाही कित्येक वर्षं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅच सुटल्यावर मी स्वतः टायट्रेशन लावलं. सुरुवातीला 1.52. पाच मिलीवर 1.90. नऊ, दहा, अकरा मिलीला 2.57, 2.92, 3.26. कुठेही उडी नाही, नुसता चढ. पंधरा मिलीवर 4.02. मग 19.8 ला 5.7 आणि 20.2 ला साडेदहाच्या वर. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले होते, तो गुलाबीही नेमका तिथेच आला. मुलीचा तक्ता माझ्या तक्त्याला जवळजवळ चिकटून होता.

कारण पाहिलं तर साधं आहे. पहिला प्रोटॉन फारच सैल: pKa1 1.25. दुसऱ्याचा 4.27. दोन Ka मध्ये जेमतेम हजार पटींचा फरक, आणि दोन वेगळ्या पायऱ्या नीट दिसायला साधारण दहा हजार पटींचा तरी लागतो. त्यामुळे पहिला प्रोटॉन संपत येतो तोवर दुसरा निघू लागलेला असतो. दर मिलीमागचा पीएचबदल काढून मांडला, तर दहा मिलीपाशी 0.35 ची बसकी टेकडी दिसते. पंधरापाशी तो 0.18 च असतो. ती टेकडी हाच पुरावा. नाहीतर वीस मिलीची उडी पक्की धरायची आणि पहिला बिंदू तिच्या निम्म्यावर मानायचा, पण मग तसं लिहायचं.

बफरच्या पट्ट्यांचंही तेच. पंधरा मिलीभोवतालचा पट्टा खराखुरा बफर आहे. तिथे HC2O4- आणि C2O4^2- समसमान असतात. तरी 4.27 न येता 4.02 येतो, कारण द्रावणातले आयन दुहेरी ऋणभाराच्या ऑक्झॅलेटला सावरून धरतात. पुस्तकातला आकडा अतिविरल द्रावणाचा. मुलं हा फरक ‘निरीक्षणातील चूक’ म्हणून खपवतात. पाच मिलीभोवतालचा सपाट भाग मात्र वेगळा. तिथे पीएच हलत नाही तो मुख्यतः द्रावणात सुटे H+ भरपूर असतात म्हणून. ‘निम्म्यावर पीएच म्हणजे pKa’ हे सूत्र सुटे H+ नगण्य धरून काढलेलं असतं, आणि इथे ते नगण्य नाहीत.

मग पायरी आली कुठून? मॅन्युअल उघडलं. पान अकरावर दोन ठसठशीत पायऱ्यांचा आलेख, कुठल्याच आम्लाचा नव्हे, नुसता ‘डायप्रोटिक’. खाली माझी सही. एक्स्टर्नल येतात तेही तेच चित्र शोधतात, हे मुलांना माझ्याआधी कळलं होतं.

मुलीला बोलावून मार्क परत दिले. ती खूश झाली नाही. म्हणाली, “मॅडम, मग माझ्या रीडिंगवरून pKa1 काढताच येणार नाही का?” म्हटलं, काढू. पाच मिलीवर एकूण आम्ल 0.04 M, सोडियम 0.02 M, पीएच 1.90 म्हणजे H+ 0.0126. HC2O4- झालं दोन्हींची बेरीज, 0.0326. उरलेलं न सुटलेलं आम्ल 0.0074. Ka1 आला 0.0555, pKa1 1.26. ती हसली. मग मीच 1.85 घालून पाहायला सांगितलं. उत्तर 1.09.

आमचा मीटर 4 आणि 7 च्या बफरवर लावलेला. 1.90 हे त्या पट्ट्याच्या बरंच बाहेर, त्यात 0.05 ची चूक सहज बसते. तिने निकालात 1.26 खोडलं आणि लिहिलं, ‘1.1 ते 1.4’. पान अकरा मी अजून बदललेलं नाही. छपाई जूनमध्ये आहे.