चष्मा, दाढी आणि मागे सरकलेलं कपाळ: शैलीचित्रांची प्रगती-नोंद

सध्या हातात असलेलं काम: मित्राच्या वडिलांच्या फोटोवरून, त्यांच्या परवानगीने, शाई आणि जलरंगाच्या शैलीतलं व्यक्तिचित्र. वय साठीच्या पुढे. चष्मा अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे वरची कड धातूची आणि खालून काच उघडी. दाढी बारीक कापलेली, करडी, हनुवटीच्या डाव्या बाजूला पांढरा पट्टा. कपाळ दोन्ही बाजूंनी वर चढलेलं. स्टेबल डिफ्युजन एक्सएल हे चित्र बनवणारं मॉडेल वापरून, इमेज-टू-इमेज म्हणजे फोटोवरूनच चित्र बदलत नेण्याच्या पद्धतीने, पहिलं चित्र काढलं आणि मित्राला दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे रे, पण हे बाबा नाहीत. बाबांचा धाकटा भाऊ वाटतो." डोळे, नाक, जबडा सगळं जागेवर होतं. पण चष्म्याला खालची कड फुटली होती, दाढी काळी आणि भरगच्च झाली होती, आणि कपाळ चांगलं दोन बोटं खाली आलं होतं.

विशेष म्हणजे चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलने मोजलेलं साम्य भरपूर होतं. यात नवल नाही. आर्कफेससारखं मॉडेल दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे जुळवून 112 बाय 112 पिक्सेलचा तुकडा कापतं, त्यात केसांची रेषा बहुतेक बाहेरच राहते. शिवाय त्याचं शिक्षणच असं असतं, की तोच माणूस चष्मा घालून आला किंवा दाढी काढून आला तरी ओळखता यावा. म्हणजे जे मला जपायचं आहे, त्याकडे दुर्लक्ष करायला ते शिकलेलं आहे. चित्रात ठरावीक चेहरा आणणारे फेस-आयडी प्रकारचे अ‍ॅडॅप्टर अशाच मॉडेलने चेहऱ्यावरून काढलेल्या आकड्यांवर चालतात, म्हणून ते नाक-डोळे देतात आणि चष्मा प्रॉम्प्टच्या भरवशावर सोडतात. साम्याचा आकडा बघणं मी या कामापुरतं बंद केलं आहे.

चष्मा: आधी मापाचा प्रश्न

स्टेबल डिफ्युजनमध्ये चित्र आधी लेटंटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या आखडलेल्या रूपात, जातं. तिथे साधारण 8 बाय 8 पिक्सेलचा चौकोन एका घरात बसतो, आणि त्याच्या तीन रंगांच्या 192 आकड्यांच्या जागी 4 उरतात. मूळ फोटो छातीपर्यंतचा, 1024 पिक्सेलचा, त्यात चेहऱ्याची रुंदी 210 पिक्सेल. खरा चेहरा अंदाजे 140 मिलिमीटर रुंद धरला तर एका मिलिमीटरला दीड पिक्सेल. फ्रेमची जाडी 2 मिलिमीटर, म्हणजे चित्रात 3 पिक्सेल. अर्धं घरसुद्धा नाही! फोटो कापून चेहरा 560 पिक्सेल रुंद केला, की तीच कड 8 पिक्सेलची होते आणि तिला एक पूर्ण घर मिळतं. अर्थात कापलेला तुकडा वर ताणून उपयोग नाही. मूळ फाइलमध्ये तेवढे पिक्सेल असायला हवेत.

काम सुरू करण्याआधी मी आता एक चाचणी घेतो. चित्र `x` लेटंटमध्ये नेऊन, काहीही न बदलता परत आणायचं:

```python
z = vae.encode(x).latent_dist.mean
y = vae.decode(z).sample
```

`y` मध्येच चष्म्याची काडी तुटक दिसली, तर पुढे कुठलीही सेटिंग ती परत आणणार नाही. आधी कापणी बदलायची.

चाचणीत टिकलेली कड नॉइजमध्ये, म्हणजे मॉडेल चित्रात मिसळतं त्या ठिपक्यांच्या गोंधळात, मात्र बुडू शकते. चित्र किती बदलायचं ते ठरवणारा `strength` 0.5 आणि 30 पायऱ्या ठेवल्या, तर शेवटच्या 15 पायऱ्याच चालतात. त्याआधी चित्रात जो नॉइज मिसळतो, त्यात बारीक तपशील सगळ्यात आधी जातात, मोठे आकार उरतात. बारीक रेषा नाहीशी झाली की मॉडेल ती जागा आपल्या सवयीने भरतं, आणि चष्मा म्हटलं की त्याची सवय पूर्ण फ्रेमची.

म्हणून रेषेचा कंट्रोल लागतो, म्हणजे काळ्यावर पांढऱ्या रेषांचा नकाशा देऊन मॉडेलला त्या रेषांना बांधून ठेवायचं. पण `canny` या कडा शोधणाऱ्या पद्धतीने काढलेला नकाशा जसाच्या तसा देऊ नका. काचेवर खिडकीचं प्रतिबिंब असेल तर त्याच्याही कडा नकाशात येतात, आणि चित्रात काचेच्या मधोमध धातूचा तुकडा उगवतो. मी नकाशा रंगवण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो, प्रतिबिंबाच्या कडा काळ्या ब्रशने पुसतो आणि वरची कड, नाकावरचा पूल, दोन्ही काड्या पांढऱ्या रेषेने हाताने काढतो. काडी कानापर्यंत गेली पाहिजे. कल्ल्यांच्या केसांवरून जाताना ती केसांत विरघळते, हे नेहमीचं. अर्ध्या फ्रेमची खालची बाजू रिकामीच ठेवतो. तिथे अंधुक रेषा जरी उरली, तरी मॉडेल ती उचलून फ्रेम बंद करतं.

एक गोष्ट फारसं कोणी बघत नाही. काकांचा, म्हणजे मित्राच्या वडिलांचा, चष्म्याचा नंबर मोठा आणि मायनस आहे. अशा काचेतून डोळे लहान दिसतात, आणि गालाची बाहेरची रेषा काचेच्या कडेशी तुटून आत सरकते. शैलीत उतरवताना मॉडेल ही तुटलेली रेषा 'दुरुस्त' करतं, डोळे मोठे करतं, आणि चष्मा नुसता शोभेचा होतो. नकाशात ही आत सरकलेली रेषा हाताने काढून दिल्यावर चित्रातला माणूस एकदम ओळखीचा झाला. माझ्या मते नाकाच्या आकारापेक्षा या एका खाचेने जास्त काम केलं.

दाढी: केस नव्हे, डाग

चेहऱ्याचे भाग वेगळे करायला मी जे मॉडेल वापरतो, ते सेलेब-ए-मास्क-एचक्यू या संचावर शिकलेलं आहे. त्यात 19 वर्ग आहेत. चष्म्याला `eye_g`, डोक्यावरच्या वस्तूला `hat`, केसांना `hair`. दाढीला वर्गच नाही! ती त्वचेत धरली जाते. म्हणजे 'त्वचेला हळू हात लावा' असा मास्क, म्हणजे चित्रातला भाग आखून देणारा थर, दिला की दाढीलाही तोच नियम लागतो. दाढीचा मास्क हातानेच काढावा लागतो.

रेषेचा कंट्रोल इथे कुचकामी आहे. एकतर शेकडो केसांच्या रेषा येतात आणि दाढी गवतासारखी उगवते, नाहीतर एकही येत नाही आणि ती सावली होऊन जाते. उपाय उलटा निघाला: मूळ चित्रातच दाढी सोपी करायची. तीन सपाट रंग घेतले. गालाच्या कडेला गडद करडा, मध्ये फिका करडा, हनुवटीच्या डाव्या बाजूला जवळजवळ पांढरा. गालावरची दाढीची सीमा, मिशी दाढीला कुठे मिळते ते, आणि खालच्या ओठाखालची मोकळी जागा नीट आखली. केस एकही काढला नाही. असे मोठे डाग नॉइजमधून तरतात, आणि केसांचा पोत शैली आपला आपण देते. प्रॉम्प्टमध्ये फक्त 'आखूड करडी दाढी' ठेवलं. नुसतं 'दाढी' लिहिलं की काळेपणा परत येतो.

कपाळ

मागे सरकलेल्या केसांना ठळक कड नसते. केस विरळ होत होत संपतात. त्यामुळे नकाशात तिथे काहीच येत नाही आणि मॉडेलला मोकळं रान मिळतं. मी भुवईपासून केसांपर्यंतचं अंतर भागिले भुवईपासून हनुवटीपर्यंतचं अंतर असं मोजतो. फोटोत हे 0.68 होतं, पहिल्या चित्रात 0.52. चित्रकलेच्या पुस्तकातला तीन समान भागांचा चेहरा घेतला तर हे गुणोत्तर 0.5 येतं. म्हणजे मॉडेलने काकांना पुस्तकी प्रमाणात बसवलं होतं.

इथेही मूळ चित्रात कपाळाचा भाग त्वचेच्या रंगाने सपाट भरला, पण टाळूवरची चमक तशीच ठेवली, कारण डोक्याची गोलाई तिच्यावर दिसते. नकाशात केसांची सीमा तुटक रेषेने दिली. अखंड रेषा दिली तर टोप घातल्यासारखं दिसतं. प्रॉम्प्टमधून केसांचा उल्लेख काढला. आताचं गुणोत्तर 0.66, आणि ते मला चालतं.

डोक्यावरचं वस्त्र

दुसरा फोटो एका मैत्रिणीचा, हिजाब घातलेला. इथे चूक झाली तर प्रश्न फक्त साम्याचा राहत नाही. पहिल्याच चित्रात कपाळाजवळ वस्त्राखालून एक बट बाहेर आली. जे केस ती लोकांना दाखवत नाही, ते मॉडेलने मनाने काढून दाखवले. असं चित्र मी तिला पाठवणार नाही, बाकी कितीही जमलेलं असो.

मास्कमध्येही घोळ होता. तेच वस्त्र काही ठिकाणी `hat`, मानेजवळ `cloth` आणि कपाळाच्या कडेला चक्क `hair` ठरलं. तिन्ही जोडून एकच मास्क केला. मग वस्त्र आणि त्वचा जिथे भेटतात, त्या सीमेवर साधारण 40 पिक्सेल रुंदीचा पट्टा वेगळा काढला. डिफरेन्शियल डिफ्युजनमध्ये करड्या रंगाचा नकाशा देऊन जागेनुसार बदलाचं प्रमाण ठरवता येतं. पार्श्वभूमीला साधारण 0.7, चेहऱ्याला 0.4, आणि या पट्ट्याला 0.2 दिलं. पट्ट्यात शैली थोडी कमी उतरते, जलरंगाचा ओघळ तिथे थांबल्यासारखा वाटतो. ते मी वरून हाताने रंग फिरवून मिसळतो.

घड्यांच्या बाबतीत सगळ्या चुण्या राखायची गरज नाही. कुठला पदर कुणावरून जातो, तेवढ्या दोन-तीन मुख्य रेषा नकाशात ठेवल्या की पुरतं. पगडीलाही हेच लागू आहे: कपाळावर पट्टे ज्या कोनात एकमेकांना छेदतात, तो कोन राखायचा. आणि काम सुरू करण्याआधी विचारून घ्या, फोटो सेल्फी आहे का. बरेच फोन सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात. मग पदर चुकीच्या खांद्यावर येतो, भांगही उलटा पडतो, आणि चित्र बघून माणूस म्हणतो की काहीतरी चुकतंय पण काय ते सांगता येत नाही.

अडलेलं

बिनफ्रेमचा चष्मा अजून जमत नाही. काचेची कड म्हणजे जेमतेम एक चमक. नकाशात रेषा दिली की धातूची फ्रेम होते, नाही दिली की चष्माच जातो आणि हवेत दोन काड्या राहतात. सध्या चष्म्याशिवाय चित्र पूर्ण करून काचा शेवटी वेगळ्या थरावर हाताने काढतोय: कडेला पातळ फिकी रेषा, पुलाजवळ दोन बारीक स्क्रू, आणि गालावर काचेची हलकी सावली. ती सावली काढली नाही तर काच चेहऱ्यापुढे तरंगते. मॉडेलकडूनच हे करून घ्यायची रीत कुणाला सापडली असेल, तर मूळ फोटो आणि कंट्रोलचा नकाशा दोन्ही दाखवा, नुसतं तयार चित्र नको.