बॅच परत मागवताना पोस्टमध्ये काय लिहायचं

"ताई, आमचा चटण्या-मसाल्यांचा छोटा ब्रँड आहे. उद्या एखादी बॅच परत मागवायची वेळ आली तर पोस्टमध्ये नेमकं काय लिहू? लोक घाबरायलाही नकोत आणि त्यांना कळायलाही हवं."

आधी दळणाची वही उघडा, मोबाईल नंतर. पोस्ट स्पष्ट होईल की नाही, हे त्या वहीवरच ठरतं.

मी लहान खाद्य ब्रँडसाठी पाकिटांवरचा आणि पोस्टचा मजकूर लिहिते. अशा एका ब्रँडच्या बाबतीत काय झालं ते सांगते, नाव न घेता. त्यांच्याकडे एका बाईंचा फोन आला. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या त्यांच्या मुलानं जवसाची चटणी खाल्ली आणि थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. रुग्णालयात वेळेवर नेलं, मूल बरं झालं. पण जवसाच्या चटणीच्या लेबलवर शेंगदाणा नव्हताच. वही पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी सकाळी पल्व्हरायझरमधून शेंगदाण्याची चटणी निघाली होती, दुपारी त्याच यंत्रात जवस पडलं, आणि मधल्या सफाईच्या रकान्यात सही नव्हती. नुसता ब्रश फिरवून यंत्र पुन्हा चालू केलं गेलं होतं. शेंगदाण्याचं पीठ तेलकट असतं, जाळीला आणि पात्यांमागे चिकटून बसतं. ब्रशनं ते निघत नाही.

वहीमुळे आणखी एक गोष्ट कळली: त्या दिवशी शेंगदाण्यानंतर फक्त जवसच दळलं होतं आणि त्या सगळ्या मालावर एकच बॅच नंबर पडला होता. म्हणून एका बॅचपुरतं बोलता आलं. वही नसती तर महिनाभराचा सगळा माल परत मागवावा लागला असता, आणि तसंच करणं योग्य ठरलं असतं.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबू, असा विचार त्यांच्या मनात आला होता. थांबायचं नसतं. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २८ नुसार आपला माल नियमात बसत नाही असं मानायला कारण असेल, तर तो लगेच परत घ्यायचा, का घेतोय ते सांगायचं आणि प्रशासनाला कळवायचं. रिकामा सफाईचा रकाना आणि मुलाचा त्रास, एवढं कारण पुरेसं आहे. २०१७ पासून परत मागवण्याच्या पद्धतीचे वेगळे नियमही आहेत. म्हणून विक्री थांबवणं, दुकानदारांना फोन करून माल शेल्फवरून काढायला लावणं आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवणं ही कामं पोस्टच्या आधी किंवा पोस्टबरोबरच सुरू होतात. ज्यांनी थेट तुमच्याकडून मागवलं त्यांचे नंबर तुमच्याकडे असतात, त्यांना एकेकाला फोन करा. इन्स्टाग्रामवरची पोस्ट उरलेल्यांसाठी.

त्यांचा पहिला मसुदा असा सुरू होत होता: "गेली अनेक वर्षं आपण आमच्यावर जो विश्वास दाखवलात..." पुढे गुणवत्ता, परंपरा, आईच्या हातची चव, आणि बॅच नंबर अगदी तळाशी. इन्स्टाग्राम पहिल्या दोन ओळींनंतर मजकूर दुमडून टाकतं. ज्या बाईला कढई गॅसवर ठेवून मोबाईल बघायचा आहे, तिला त्या दोन ओळींत फक्त विश्वास दिसला असता, चटणीचं नाव नाही. शेवटी जी पोस्ट गेली ती साधारण अशी होती:

"जवस चटणी, २०० ग्रॅम, बॅच 1107. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ही चटणी खाऊ नका.

या बॅचमध्ये शेंगदाण्याचे कण मिसळले आहेत आणि लेबलवर शेंगदाणा लिहिलेला नाही. चव, वास किंवा रंगावरून हे ओळखता येत नाही.

बॅच नंबर पाकिटाच्या मागे, खालच्या सीलजवळ आहे. पाकीट टाकून दिलं असेल आणि चटणी १२ जुलै ते ५ ऑगस्टदरम्यान घेतली असेल, तर ती याच बॅचची समजा.

अ‍ॅलर्जी असलेल्या कुणी ही चटणी खाल्ली असेल आणि अंगावर गांधी, ओठांना किंवा चेहऱ्याला सूज, उलट्या, धाप यांपैकी काही जाणवलं, तर लगेच रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा. आम्हाला नंतर कळवा.

ज्यांना एरवी शेंगदाणा चालतो, त्यांना या कणांनी त्रास होणार नाही. तरीही पाकीट परत करा. फोडलेलं असलं, बिल नसलं, तरी जिथून घेतलं त्या दुकानात पूर्ण पैसे मिळतील. आमच्याकडून थेट मागवलं असेल तर पाकिटाचा किंवा चटणीच्या डब्याचा फोटो पाठवा, पैसे देऊ, आणि मग चटणी टाकून द्या.

ही चटणी कुणाला दिली असेल, डब्यात भरून पाठवली असेल, तर त्यांना आजच सांगा.

दुसऱ्या कुठल्याही बॅचचा किंवा आमच्या इतर चटण्यांचा याच्याशी संबंध नाही. दळताना यंत्राची सफाई नीट झाली नव्हती. यंत्र थांबवलं आहे, अन्न व औषध प्रशासनाला कळवलं आहे. या त्रासाबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो. ९ ऑगस्ट."

यातलं वाक्य न् वाक्य कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा विचार करून आलंय. बॅच नंबर पाकिटावर इंग्रजी अंकांत छापलेला असतो, म्हणून पोस्टमध्येही तो तसाच. आजी हातात पाकीट घेऊन आकड्यावर आकडा जुळवून बघते, तिला मधे भाषांतर करायला लावू नये. तारखांचं वाक्य तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे चटणीचं पाकीट आणलं की ती बरणीत जाते आणि पाकीट कचऱ्यात. बॅच नंबर विचारून उपयोग काय? त्या तारखांच्या दरम्यान आधीच्या बॅचचीही थोडी पाकिटं विकली गेली असतील आणि त्यांचेही पैसे द्यावे लागतील. द्या.

"डब्यात भरून पाठवली असेल" हेही तसंच. जवसाची चटणी एका घरात थांबत नाही. ती होस्टेलवर जाते, शेजारी जाते, दुबईच्या बॅगेत जाते. तिथं पोहोचते तेव्हा तिच्यावर ना लेबल असतं ना तुमचं नाव. तिथपर्यंत फक्त ती देणारी व्यक्तीच पोहोचू शकते.

"चव, वास किंवा रंगावरून ओळखता येत नाही" हे लिहिलं नाही, तर लोक चाखून बघतात. "मला तर नेहमीसारखीच लागली" असं म्हणून पुढे खातात. अ‍ॅलर्जीला अगदी थोडे कण पुरतात, आणि शेंगदाणा भाजलेला असला म्हणून त्याची अ‍ॅलर्जी जात नाही.

शेंगदाणा चालणाऱ्यांना त्रास होणार नाही, हे लिहू की नको यावर बरीच चर्चा झाली. मी लिहायच्या बाजूची होते. ते नसतं तर काल चटणी-भाकरी खाल्लेली शेकडो माणसं विनाकारण धास्तावली असती, आणि ज्यांना खरंच धोका आहे त्यांचे फोन त्या गर्दीत लागले नसते. मग परत का करायची? कारण बरणी घरात राहिली की पाहुण्याच्या ताटात जाते, नाहीतर "आम्ही नाही खात, तुम्ही न्या" म्हणून कामाला येणाऱ्या मावशींना दिली जाते. त्यांच्या घरातल्या मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे कुणी विचारत नाही.

मात्र ही सवलत कारणावर अवलंबून आहे. साल्मोनेलासारखे जंतू सापडले, काचेचा तुकडा निघाला, तर "अमुक लोकांनीच खाऊ नका" असं म्हणता येत नाही, कुणीच खायचं नाही. आणि धोका लगेचचा नसून साठत जाणारा असेल तर तेही तसंच सांगावं. एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूरच्या अन्न प्रशासनानं भारतातून आलेला एक फिश करी मसाला इथिलीन ऑक्साइड या कीटकनाशकाच्या कारणावरून परत घ्यायला लावला. त्यांच्या निवेदनात म्हटलं होतं की कमी प्रमाणात हा पदार्थ पोटात गेल्यानं लगेच धोका नाही, पण दीर्घकाळ जात राहिला तर आरोग्याला अपाय होऊ शकतो. ज्यांनी विकत घेतलाय त्यांनी खाऊ नये, ज्यांनी खाल्लाय आणि काळजी वाटतेय त्यांनी डॉक्टरांना भेटावं. किती शांत भाषा आहे बघा, आणि लपवलं काहीच नाही. "केवळ खबरदारीचा उपाय म्हणून" किंवा "घाबरण्याचं कारण नाही" ही वाक्यं त्यापुढे फिकी पडतात. काय करायचं ते कळलं की माणूस आपोआप शांत होतो.

पोस्टच्या चित्राकडेही लक्ष द्या. लोक स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि कॅप्शन मागेच राहतं. म्हणून चित्रावरच चटणीचं नाव, बॅच नंबर, "शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर खाऊ नका" आणि पोस्टची तारीख मोठ्या अक्षरांत हवी, शेजारी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि नंबरभोवती गोल. तारीख नसेल तर तेच चित्र दोन वर्षांनी पुन्हा फिरायला लागतं. सणाचं डिझाइन, फुलं, हसरे चेहरे नकोत. स्टोरी जरूर टाका, पण ती २४ तासांत जाते, तिच्या भरवशावर राहू नका.

पैसे परत मिळणार म्हटलं की कॉमेंटमध्ये तुमच्याच नावाची खोटी खाती उगवतात आणि "रिफंडसाठी इथे संपर्क करा" म्हणतात. त्यांच्याकडे हे होणारच होतं, म्हणून पहिली कॉमेंट आम्हीच लिहून पिन केली: आम्ही फक्त पाकिटावर आणि या प्रोफाइलवर असलेल्या नंबरवरूनच बोलतो, ओटीपी विचारत नाही, क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत नाही, पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. बाकी कॉमेंट चालू ठेवा. रागावलेल्यांना उत्तर द्या, त्यांच्या कॉमेंट पुसू नका. त्या रागाच्या मधेच एखादी विचारते, "मी गरोदर आहे, काल खाल्ली, काही होईल का?" तिला उत्तर मिळायलाच हवं.

नंतर काही नवीन कळलं, दुसरी बॅचही निघाली, तर जुनं कॅप्शन गुपचूप बदलू नका. नवी पोस्ट टाका, तिच्यावर नवी तारीख घाला आणि काय बदललं ते पहिल्या ओळीत सांगा. दोन्ही पोस्ट त्या बॅचची वापराची मुदत संपेपर्यंत प्रोफाइलवर पिन करून ठेवा.