सर्व्हो जागच्या जागी का थरथरते?

"सर, कोड बरोबर आहे, मोटर नवी आहे. मग लॅपटॉपच्या यूएसबीवर सर्व्हो अशी थरथरते का?"

सांगलीत विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हमखास हा प्रश्न येतो. कृष्णेचं पाणी वाढलं की आयर्विन पुलावरचं फाटक आपोआप खाली येतं, असं मॉडेल कोणी ना कोणी करतंच. फाटकाला ती छोटी निळी एसजी-९० सर्व्हो असते, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर.

तिच्या डबीत साधी डीसी मोटर, प्लास्टिकचे गिअर, दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर आणि एक सर्किट असतं. कोड चालवणारा आर्डुइनो बोर्ड तिला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. पल्सच्या रुंदीवरून कोन ठरतो, साधारण १.५ मिलिसेकंद म्हणजे मधोमध. दांडा आत्ता कुठे आहे हे सर्किटला पोटेन्शिओमीटरवरून कळतं. फरक दिसला की ते मोटर त्या बाजूला फिरवतं, फरक मिटला की थांबवतं. म्हणजे फाटक स्थिर दिसत असतानाही ही तपासणी चालूच असते.

थांबलेली मोटर सुटताना सगळ्यात जास्त करंट ओढते. एसजी-९० त्या क्षणी ७०० मिलिअँपिअरच्या आसपास जाऊ शकते. यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० ची, आणि आर्डुइनोही त्यातूनच जेवतो. त्यात केबल बारीक असेल, तिचा जाता-येता रोध अर्धा ओहम धरला, तर ०.७ × ०.५ = ०.३५ व्होल्ट वाटेतच गेले. विहिरीवरची मोटर चालू होताना घरातला बल्ब मंदावतो, तसंच हे. व्होल्टेज कोसळलं की सर्व्होच्या सर्किटचं मोजमाप बिघडतं. दांडा जागेवर असूनही त्याला तो सरकल्यासारखा वाटतो, ते मोटरला धक्का देतं, व्होल्टेज पुन्हा पडतं. थरथर ती हीच.

मल्टिमीटर लावून मुलं सांगतात, "सर, ४.८ दाखवतोय की!" दाखवणारच. तो सरासरी दाखवतो. काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसत नाही. त्यापेक्षा आर्डुइनो उनो बोर्डवरच्या L दिव्याकडे बघा. प्रत्येक झटक्याला तो भराभर लुकलुकत असेल, तर बोर्डच रीसेट होतोय. अशा वेळी फाटक दरवेळी मधल्या कोनाकडे उडी मारतं, कारण Servo लायब्ररी सुरुवातीला १५०० मायक्रोसेकंदांचाच पल्स देते.

उपाय: ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर घ्या. त्याचं प्लस थेट सर्व्होच्या लाल वायरला, बोर्डच्या 5V पिनला नाही. मायनस मात्र सर्व्होच्या तपकिरी वायरला आणि आर्डुइनोच्या GND ला, दोन्हीकडे. हे सामाईक ग्राउंड जोडायचं राहून गेलं तर पल्सला आधारच उरत नाही आणि सर्व्हो आणखी वेडीवाकडी नाचते. सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा, पट्टीची बाजू मायनसला. क्षणिक झटके तो झेलतो, पण मुळात कमजोर असलेला पोर्ट त्याने सुधारत नाही.

एवढं करूनही ती फक्त ० किंवा १८० वर गुरगुरत असेल, तर पुरवठ्याला बोल लावू नका. गिअर आतल्या अडसरावर दाबला जातोय. कोडमध्ये १० ते १७० एवढंच फिरवा. फाटकाला तसंही त्याहून जास्त लागत नाही.